वेळ फोनवर लावायची की वायफायवर?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. मग साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे, असे गावाने मिळून ठरवले. या बातमीची देशभर चर्चा झाली. बहुतेकांना त्यात शिस्त दिसली. मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. या सगळ्यात कुठलेही ॲप नाही, पासवर्ड नाही, सेटिंग नाही. भोंगा सगळ्यांसाठी एकदमच वाजतो, त्यामुळे ‘शेजारच्या बंड्याला चालतं, मग मलाच का नाही?’ हा प्रश्न तिथे फारसा उरत नाही.

पुण्या-मुंबईच्या किंवा नाशिकच्या फ्लॅटमध्ये ही सोय नाही. तिथे आईवडिलांनी आपल्यापुरती वेळ ठरवायची आणि ती पाळून घेण्याचे काम यंत्रावर सोपवायचे, एवढेच हातात असते. हे काम यंत्रावर नीट कसे सोपवायचे, त्यासाठी ही पुस्तिका आहे. मुलांना मोबाइल द्यावा की नाही, किती वयात द्यावा, त्याने डोळ्यांचे आणि मनाचे काय होते, यावर भरपूर लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. ज्या घरात मोबाइल दिलेलाच आहे आणि आता रात्री साडेनऊला तो बाजूला ठेवला जावा एवढीच इच्छा आहे, त्या घरासाठी मी लिहिले आहे.

पालक माझ्याकडे येतात ते बहुधा एकाच मागणीने. “दहा वाजता नेट आपोआप बंद होईल असं काहीतरी करून द्या.” मागणी साधी वाटते, पण तिच्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. नेट बंद होणे ही राउटरच्या हातातली गोष्ट आहे आणि फोन बंद होणे ही फोनच्या. राउटरवर वेळ लावली की त्या वेळी घरातले वायफाय त्या यंत्राला मिळत नाही. पण पडदा उजळलेलाच राहतो. आधी उतरवून ठेवलेले व्हिडिओ चालतात, नेट न लागणारे खेळ चालतात आणि फोनमध्ये सिम असेल तर वायफाय तुटताच मोबाइल डेटा सुरू होतो. दिवसाला दीड-दोन जीबी डेटा देणारे रिचार्ज घरोघरी असताना दहा वाजता वायफाय बंद केल्याचा परिणाम एवढाच होतो, की मूल वायफायऐवजी सिमवर व्हिडिओ पाहू लागते. पालकांना मात्र आपण बंदोबस्त केला असे वाटत राहते.

म्हणून या पुस्तिकेत मी एकच विभागणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाळली आहे. ज्या यंत्रात सिम आहे, जे यंत्र शाळेत, क्लासला, आजोळी जाते, त्याची वेळ त्या यंत्रावरच लावायची. ज्यात सिम नाही आणि जे घराबाहेर पडत नाही, म्हणजे टीव्ही, खेळाचा कन्सोल, फक्त वायफायवर चालणारा टॅब, त्याच्यासाठी राउटर उपयोगी पडतो. सिमवाल्या फोनसाठी राउटरवर तासभर डोके लावण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता फोनची गोष्ट. आपल्याकडे मुलाचा पहिला फोन क्वचितच नवा असतो. बाबांनी नवा घेतला की जुना मुलाकडे येतो, आणि येताना बाबांचे गूगल खाते घेऊनच येतो. सगळा घोळ इथे सुरू होतो. गूगलचे फॅमिली लिंक हे मोफत ॲप मुलाच्या फोनवर वेळ लावते, ॲप मंजूर किंवा नामंजूर करते. पण ते देखरेख ठेवते मुलाच्या खात्यावर. फोनवर बाबांचे खाते असेल, तर गूगलच्या दृष्टीने तो फोन चाळिशीतला एक प्रौढ माणूस वापरतो आहे. त्याला कोण अडवणार? शिवाय त्या खात्याबरोबर बाबांची ईमेल, फोटो आणि पैसे भरायला जोडलेले कार्डही मुलाच्या हातात जाते. ‘फॅमिली लिंक टाकून पाहिलं, काही उपयोग नाही’ अशी तक्रार आली की मी आधी खाते पाहतो, आणि बहुतेक वेळा दुखणे तिथेच सापडते.

दुसरा घोळ जन्मतारखेचा. मुलाचे खाते काढताना खरी तारीख घातली की गूगल ते पालकांशी जोडायला सांगते. हे टाळण्यासाठी, किंवा मुलाला एखादे ॲप वापरायचे असते म्हणून, घरातलेच कोणीतरी जन्मवर्ष मागे नेते. अकरा वर्षांचे मूल कागदोपत्री पंचविशीचे होते. मग लहान मुलांसाठी आपोआप लागणारी बंधने त्याला लागत नाहीत आणि ॲप स्टोअरही त्याला मोठ्यांचे ॲप विनातक्रार देते. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. पण खोट्या तारखेच्या खात्यामागे लपलेले मूल कायद्यालाही दिसत नाही.

एक घर समोर ठेवू, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. बाबांचा जुना अँड्रॉइड फोन तिच्याकडे आहे, त्यात सिम आहे, कारण क्लासहून सुटल्यावर ती फोन करते. धाकट्या भावाकडे सिम नसलेला टॅब आहे. बैठकीच्या खोलीत स्मार्ट टीव्ही आहे आणि घरात फायबरचे वायफाय आहे. आईबाबांना हवे आहे ते एवढेच: शाळेच्या दिवशी करमणुकीला एक तास, शनिवार-रविवारी दोन तास आणि रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा सगळे बंद.

फोनपासून सुरुवात करायची. बाबांनी आपले फोटो आणि संपर्क दुसरीकडे घ्यावेत, आपले खाते फोनवरून काढावे आणि फोन पुसून नव्यासारखा करावा. खाते आधी काढणे महत्त्वाचे, कारण तसे न करता बाहेरून फोन पुसला तर तो सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. मग आईने आपल्या फोनवर फॅमिली लिंक घेऊन त्यातून मुलीचे खाते खऱ्या जन्मतारखेने काढावे आणि पुसलेला फोन सुरू करताना तेच खाते घालावे. मध्येच तो पालकाचा पासवर्ड मागतो. तो आईने स्वतः टाकावा, मुलीला ओरडून सांगू नये. एवढे झाले की वेळ लावणे दहा मिनिटांचे काम आहे. रोजची मर्यादा वाराप्रमाणे वेगळी ठेवता येते. झोपेची वेळ `Downtime` या नावाखाली असते. दोन्हींपैकी जी आधी येईल ती लागू होते, म्हणजे तासातली वीस मिनिटे शिल्लक असली तरी साडेनऊला फोन बंदच होणार. हे मुलीला आधी सांगून ठेवलेले बरे, नाहीतर पहिल्याच रात्री ‘माझी वीस मिनिटं कुठे गेली?’ यावरून भांडण होते. वेळ संपण्याआधी फोन तिला सूचना देतो, त्यामुळे घाव अचानक बसत नाही. बंद झालेल्या फोनवर आलेला कॉल घेता येतो आणि आणीबाणीचा कॉल करता येतो. पण तिने स्वतः आईला फोन करायचा असेल तर फोनचे ॲप `Always allowed` मध्ये ठेवावे. शब्दकोश, गणकयंत्र हेही तिथेच ठेवावे. ही यादी फार वाढवू नये. एका घरात त्या यादीत ब्राउझर होता आणि मुलगा त्यातूनच सगळे पाहत होता.

यूट्यूबची गोष्ट वेगळी सांगायला हवी. ॲपवर चाळीस मिनिटांची मर्यादा लावली की ती त्या ॲपपुरतीच असते. तेच व्हिडिओ क्रोममध्ये `youtube.com` उघडून दिसतात, आणि हा शोध मुलांना लागायला फार वेळ लागत नाही. म्हणून ॲपवर मर्यादा लावताच क्रोमच्या रोखलेल्या साइटच्या यादीत तो पत्ता घालावा. आणखी एक पेच असा, की रोजच्या मर्यादेचा तास फॅमिली लिंक प्रत्येक यंत्रासाठी वेगळा मोजते. मुलीचे खाते टॅबवरही घातले तर एक तासाचे दोन होतात. कागदावर बेरीज करूनच आकडा ठरवावा.

आणि शाळेचा व्हॉट्सॲप गट? व्हॉट्सॲपची स्वतःची वयाची अट १३ वर्षांची आहे, आणि सहावीच्या वर्गाचा गृहपाठ मात्र व्हॉट्सॲपवर येतो. ही विसंगती कोणत्याही सेटिंगने सुटत नाही. माझा सल्ला असा, की गट आईच्या फोनवरच राहू द्यावा आणि गृहपाठ वहीत उतरवून घ्यावा. तेवढ्यासाठी मुलीच्या फोनवर व्हॉट्सॲप घालू नये. ज्या शाळांना हे गैरसोयीचे वाटते, त्यांनी गृहपाठ फळ्यावर लिहावा.

आईकडून ‘आत्ता लॉक कर’ असा आदेश देता येतो, पण तो पोहोचायला मुलीच्या फोनला नेट लागते. फोन विमान मोडवर असेल तर आदेश वाटेतच थांबतो. आधी लावलेली रोजची वेळ मात्र फोनमध्येच असते, ती नेट नसतानाही चालते. म्हणून ऐनवेळच्या लॉकपेक्षा ठरलेल्या वेळेवर भिस्त ठेवावी. उलट प्रसंगी, म्हणजे फोन बंद झालेला आहे, नेट नाही आणि प्रकल्पाचा फोटो हवा आहे, अशा वेळी फॅमिली लिंकमधून आईला एक तात्पुरता क्रमांक मिळतो. तो मुलीच्या फोनवर टाकला की फोन उघडतो. हा क्रमांक काही वेळाने बदलत असतो, त्यामुळे मुलीने तो पाठ केला तरी काही बिघडत नाही.

घरात आयफोन किंवा आयपॅड असेल तर फॅमिली लिंकची वेळ त्यावर लागत नाही. आईच्या आयफोनवर फॅमिली लिंक चालते, तिथून ती मुलीचा अँड्रॉइड फोन सांभाळू शकते. पण मुलाच्या आयपॅडला ॲपलचे स्वतःचे स्क्रीन टाइम लागते. ते २०१८ मध्ये आयओएस १२ बरोबर आले. आईबाबांकडे ॲपलचे काही नसेल तरी ते आयपॅडवर थेट लावता येते. मात्र त्याचा चार आकडी क्रमांक यंत्र उघडण्याच्या क्रमांकापेक्षा वेगळा हवा, आणि `Block at Downtime` हा पर्याय चालू आहे का ते पाहावे. तो बंद राहिला तर वेळ संपल्यावर पडद्यावर नुसती आठवण येते आणि मूल ती एका बोटाने बाजूला सारते.

आता टॅब आणि टीव्ही. इथे राउटरची पाळी येते, आणि गंमत अशी की इथे चुका जास्त होतात. राउटरचे पान ब्राउझरमध्ये उघडते, पत्ता बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असा असतो, यंत्राच्या खाली चिकटवलेल्या कागदावर तो छापलेला असतो. वेळापत्रक लावण्याचा भाग प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाखाली ठेवला आहे, पण सगळ्यांची पहिली गरज एकच: राउटरचे घड्याळ बरोबर असणे. पुष्कळ राउटर ग्रीनिच वेळेवर ठेवलेले असतात आणि ते कोणी पाहत नाही. अशा राउटरवर तुम्ही ‘रात्री ९.३० ते सकाळी ६.३० बंद’ असे लिहिले, तर प्रत्यक्षात नेट पहाटे तीनला बंद होते आणि दुपारी बाराला सुरू होते, कारण आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहोत. ‘रात्रभर चालतं आणि सकाळी ऑनलाइन क्लासच्या वेळी बंद पडतं’ असे कोणी म्हटले, की दुसरे काही तपासण्याआधी राउटरच्या पानावर वेळेचा पट्टा `GMT+05:30` आहे का ते पाहावे. बहुतेक घरगुती राउटरमध्ये घड्याळाला स्वतंत्र बॅटरी नसते. वीज गेली की ते तारीख-वेळ विसरतात आणि परत आल्यावर इंटरनेटवरून विचारून घेतात. हे विचारणे सेटिंगमध्ये बंद असेल, तर भारनियमनाच्या प्रत्येक फेरीनंतर वेळापत्रक भलत्याच वारी आणि भलत्याच वेळी लागते.

दुसरी चूक मध्यरात्रीची. काही राउटरना साडेनऊ ते साडेसहा हा सलग काळ समजत नाही, कारण शेवटची वेळ सुरुवातीच्या आधीची दिसते. तिथे दोन नियम करावे लागतात: एक रात्री ९.३० ते १२ आणि दुसरा १२ ते सकाळी ६.३०. वार निवडताना दुसरा नियम पुढच्या दिवसाचा असतो, हे लक्षात ठेवावे. शुक्रवारी रात्री सूट द्यायची असेल, तर शुक्रवारचा पहिला नियम आणि शनिवारचा दुसरा नियम काढायचा. शनिवारचा विसरला तर शुक्रवारचा सिनेमा बरोबर बाराच्या ठोक्याला थांबतो.

तिसरी अडचण यंत्र ओळखण्याची. राउटर टॅबला नावाने ओळखत नाही, तर त्याच्या वायफायच्या एका खास क्रमांकाने ओळखतो. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आणि टॅब खासगीपणासाठी खरा क्रमांक न दाखवता बनावट क्रमांक दाखवतात. सोय चांगली आहे, विमानतळावरच्या वायफायवर ती असायलाच हवी. पण घरात तिचा परिणाम असा, की मुलाने एक पर्याय बदलला की राउटरला तोच टॅब नवा पाहुणा वाटतो आणि पाहुण्याला कुठलाच नियम लागू नसतो. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत ओळखीचा टॅब दिसत नसेल आणि एक अनोळखी यंत्र दिसत असेल, तर हेच झाले आहे असे समजावे. घरच्या वायफायपुरता बनावट क्रमांक बंद करता येतो, पण बंद केलेला पर्याय मूल पुन्हा चालू करू शकते.

मला पटलेला उपाय वेगळा आहे. बहुतेक राउटरवर पाहुण्यांसाठी दुसरे वायफाय सुरू करता येते. त्याला वेगळे नाव द्यावे, मुलांची सगळी यंत्रे आणि टीव्ही त्यावर घ्यावेत आणि वेळापत्रक यंत्राला न लावता त्या अख्ख्या वायफायला लावावे. ही सोय राउटरमध्ये आहे का, ते आधी पाहावे. असेल तर कोणाचा क्रमांक खरा नि कोणाचा बनावट, हा प्रश्नच मिटतो. मुख्य वायफायचा पासवर्ड मात्र त्याच दिवशी बदलायला हवा, कारण जुना सगळ्यांना पाठ असतो. आणि नवा पासवर्ड आईच्या फोनमध्ये साठवला की तो क्यूआर कोड होऊन पडद्यावर दाखवता येतो, हे मुलांना तुमच्याआधी माहीत असते. त्यामुळे आईबाबांच्या फोनला कुलूप नसेल तर या सगळ्याचा काही उपयोग नाही.

टीव्हीच्या बाबतीत मी थोडा सावध आहे. साडेनऊला टीव्हीचे नेट बंद केले तर आजीची ओटीटीवरची मालिकाही बंद होते, आणि आजीची नाराजी ओढवून कोणतेही वेळापत्रक आठवडाभर टिकत नाही. अशा घरात टीव्ही मुख्य वायफायवरच ठेवावा, त्यावर मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करून मोठ्यांच्या प्रोफाइलला क्रमांक लावावा आणि रात्रीपुरता रिमोट आजीच्या ताब्यात द्यावा. तंत्रज्ञान नाही, पण चालते.

सगळे लावून झाले की त्याच रात्री तपासावे. सव्वानऊला मुलांनाच शेजारी बसवून टॅबवर व्हिडिओ सुरू करावा आणि साडेनऊला काय होते ते पाहावे. चालू व्हिडिओ दोन-चार मिनिटे पुढे गेला तर घाबरू नये, तेवढा भाग आधीच उतरलेला असतो. पावणेदहाला नवा व्हिडिओ उघडला तर मात्र नियम लागलेला नाही. फोनच्या बाबतीत वायफाय बंद करून सिमवरही हेच करून पाहावे. वीज गेल्यानंतर आणि राउटर बदलल्यानंतर ही तपासणी पुन्हा करावी.

काही गोष्टी या पुस्तिकेच्या आवाक्याबाहेर आहेत, त्या आताच सांगतो. मूल आजोबांचा फोन घेऊन बसले, मित्राच्या हॉटस्पॉटवर गेले किंवा मावशीकडे सुट्टीत राहिले, तर इथले काहीच त्याला अडवत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अडवण्यासाठीही ही पुस्तिका नाही. त्या वयात हे सगळे गुपचूप लावले आणि नंतर उघड झाले, तर त्या घरात फोनपेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो. मुलाला न सांगता कोणतीही वेळ लावू नये, असे मी प्रत्येक प्रकरणात लिहिले आहे. फॅमिली लिंकही देखरेख लपवत नाही, मुलाच्या फोनवर ती दिसत राहते, आणि ते योग्यच आहे. चोरून मेसेज वाचणारी, पडद्याची चित्रे पाठवणारी ॲप बाजारात मिळतात. त्यांच्याबद्दल इथे एक ओळही सापडणार नाही.

मेन्यूंची नावे बदलत राहतात. या पुस्तिकेत दिलेले एखादे बटण तुमच्या फोनवर वेगळ्या जागी असेल, तर ते दुसऱ्या पानावर शोधावे. खाते, घड्याळ आणि सिम या तीन गोष्टींचा क्रम मात्र बदलू नये. आता पुढच्या पानावर जाण्याआधी मुलाचा फोन हातात घ्या, `Settings` मध्ये `Google` उघडा आणि तिथे कोणाचे नाव दिसते ते पाहा. मुलाचे असेल तर थेट दुसरे प्रकरण वाचा. तुमचे असेल तर पहिल्यापासून सुरुवात करा.